बाबांचा ईएफ ५६ वरून ४२ वर आलाय, म्हणजे नक्की काय झालंय?

पागोळी

बाबा ६३ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी मोठा अटॅक आला, हृदयाच्या पुढच्या बाजूला रक्त नेणारी मुख्य नळी बंद झाली होती, तिच्यात स्टेंट टाकला. घरी सोडायच्या आदल्या दिवशी इको केला त्यात ईएफ ५६ आला आणि तिथल्या ज्युनियर डॉक्टरांनी "पंपिंग छान आहे, काळजी करू नका" म्हणून सांगितलं, आम्ही हुश्श केलं. परवा दुसऱ्या ठिकाणी फॉलोअपचा इको झाला आणि त्यात ४२. चौदाने खाली!! गंमत म्हणजे बाबांना काहीच होत नाहीये, रोज अर्धा तास चालतात, रात्री आडवं झोपतात, पाय सुजलेले नाहीत, जिना चढताना तेवढं मध्ये एकदा थांबतात. पण रिपोर्ट वाचल्यापासून कॉटवरून उतरायला तयार नाहीत, पाण्याचा ग्लाससुद्धा आईने हातात द्यायचा. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारी मिळालीये. तोवर कुणीतरी हे वाचून सांगा प्लीज. कामाच्या ओळी जशाच्या तशा टाकते.

पहिला:
```
LVIDd 5.1 cm
LVIDs 3.6 cm
LVEF 56 % by M-mode
RWMA: apex, distal septum akinetic
```

दुसरा:
```
LVEDV 120 ml
LVESV 70 ml
LVEF 42 % by biplane Simpson
RWMA: apex, distal septum akinetic
```

बापूराव

४२ म्हणजे अजून ५८ टक्के ब्लॉकेज शिल्लक आहे का? मग स्टेंट परत बंद झाला असणार. वेळ घालवू नका, लगेच अँजिओग्राफी करून घ्या. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं.

सरळसोट

बापूराव, ईएफचा आणि ब्लॉकेजचा असा वजाबाकीचा संबंध नसतो हो. ईएफ म्हणजे हृदय किती टक्के काम करतंय ते. शंभरपैकी ४२, म्हणजे निम्म्याच्या वर काम बंद पडलंय. पागोळी, घाबरवत नाहीये पण हे हलक्यात घेऊ नका, बाबांना पूर्ण विश्रांतीच द्या.

ध्वनिलहर

सरळसोट, पहिलं वाक्य बरोबर, पुढचं सगळं चुकलं. रागावू नका, हा गैरसमज मी रोज ऐकतो, चौदा वर्षं इकोच करतोय.

शंभर ईएफ कुणाचाच नसतो. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरलं त्यातलं किती एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच ते गुणोत्तर आहे. धडधाकट माणसाचंही साधारण पन्नाशीच्या वरपासून सत्तरीपर्यंत असतं, बाकीचं रक्त आतच राहतं आणि ते राहायलाच हवं. त्यामुळे ४२ ची तुलना शंभराशी नाही, पंचावन्न-साठाशी करायची. कमी आहे, हे खरं. निम्मं हृदय गेलं, हे खोटं. आणि बापूराव, नळ्या कितपत मोकळ्या आहेत ते ईएफवरून कळत नाही. तिन्ही नळ्या अरुंद झालेल्या माणसाचा ईएफ बसल्या जागी ६२ असू शकतो आणि नळ्या स्वच्छ असलेल्याचा २५.

आता मुद्द्याचं. पागोळी, तुम्ही आकडे बघताय, मी त्या आकड्याच्या पुढचे शब्द बघतोय. पहिल्यात M-mode, दुसऱ्यात biplane Simpson. ही एकाच गोष्टीची दोन मापं नाहीत. एम-मोडमध्ये आम्ही डाव्या कप्प्यातून एकच रेघ मारतो, ती पण झडपेजवळ, म्हणजे कप्प्याच्या तोंडापाशी. कप्पा ही एक लांबट पिशवी समजा, तोंड वर आणि निमुळता तळ खाली. तोंडाजवळ पिशवीची रुंदी फुगल्यावर किती आणि आवळल्यावर किती, एवढी दोनच मापं घ्यायची आणि बाकी पिशवीही तशीच आवळत असणार असं धरून मशीनने ईएफ काढायचा.

आता तुमच्या दोन्ही रिपोर्टमधली शेवटची, RWMA ची ओळ वाचा, भिंतीचा कुठला भाग नीट हलत नाही ते तिथे लिहितात. दोन्हीकडे शब्दही तेच: टोक आणि पडद्याचा खालचा भाग हलत नाहीये. पुढची नळी बंद पडली की मार बरोबर तिथेच बसतो. म्हणजे पिशवीचा तळ निपचित पडलाय, तोंड मात्र व्यवस्थित आवळतंय, आणि पहिल्या रिपोर्टने मापलंय फक्त तोंड. ५६ त्या तोंडाचा आहे, बाबांच्या अख्ख्या हृदयाचा नाही.

मोजपट्टी

इंजिनियर आहे, डॉक्टर नाही, पण राहवलं नाही म्हणून गणित करून बघितलं. तो टायकोल्झचा फॉर्म्युला आहे ना, व्यास सेंटिमीटरमध्ये टाकायचा:

```
V = 7 / (2.4 + D) * D^3
D = 5.1  ->  V = 123.8
D = 3.6  ->  V = 54.4
(123.8 - 54.4) / 123.8 = 0.56
```

बरोब्बर ५६! म्हणजे मशीनने खरंच फक्त त्या दोन आकड्यांवरून सगळं काढलंय, आणि व्यासाचा घन होतोय म्हणजे मापात दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी बोंब. ३.६ च्या जागी ३.८ टाकून पाहिलं तर ईएफ ५० येतो. दोन मिलिमीटरला सहा टक्के!! असला फॉर्म्युला २१व्या शतकात वापरतातच कशाला? एम-मोडचा रिपोर्ट दिसला की सरळ कचऱ्यात टाकावा.

ध्वनिलहर

गणित सुरेख. निष्कर्ष घाईचा.

ज्याचं हृदय सगळीकडून सारखं आवळतं आणि आकारही नेहमीचा आहे, त्याच्यात ही पद्धत ठीक चालते आणि दोन मिनिटांत होते. जिथे भिंतीचा एखादा तुकडा हलत नाही तिथे ती सपशेल फसते, म्हणजे नेमकी अटॅकनंतर. त्यामुळे सामान्य वाचणाऱ्यासाठी माझा नियम एवढाच: एम-मोडचा ईएफ आणि खाली RWMA ची ओळ असं एकाच कागदावर दिसलं तर ती ओळ खरी माना, आकडा नाही.

आणि सिम्पसनला सोवळं समजू नका. त्यात आम्ही कप्प्याची आतली कडा हाताने गिरवतो, एकदा फुगलेला असताना, एकदा आवळल्यावर, आणि हे दोन वेगवेगळ्या बाजूंनी. मशीन त्या आकाराच्या चकत्या पाडतं आणि बेरीज करतं. कडा अस्पष्ट असली की गिरवणारा अंदाजाने जातो. त्याहून वाईट म्हणजे प्रोब जरा वर लागला तर पिशवीचा खरा तळ चित्रात येतच नाही, तिरका छेद जातो, आणि तळाच्या वरचा भाग म्हणजेच टोक आहे असं वाटायला लागतं. मग न हलणारं टोक मापातूनच वगळलं जातं आणि ईएफ फुकटचा वाढतो. ओळखायची खूण: टोक निमुळतं न दिसता गोल, गुबगुबीत दिसतं आणि तेही छान आत येतंय असं वाटतं. आणि दोन बाजूंच्या चित्रांत कप्प्याची लांबी बरीच वेगळी भरते.

पागोळी

बापरे, खूप कळलं आणि काहीच कळलं नाही असं झालंय :) एका शब्दात सांगा ना, बाबांचा ईएफ कमी झालाय की नाही झालाय?

ध्वनिलहर

एका शब्दात: सांगता येत नाही. निदान या दोन कागदांवरून तरी.

दोन शक्यता आहेत. एक म्हणजे घरी सोडतानाही तो चाळिशीतच होता आणि ५६ ही निव्वळ पद्धतीची किमया. माझा कल इकडे आहे, कारण भिंतीची ओळ बदललेली नाही. दुसरी म्हणजे या चार महिन्यांत कप्पा खरंच ताणला गेलाय, मोठ्या अटॅकनंतर तसं होतं. त्यातला फरक कागद सांगणार नाही, क्लिपा सांगतील. पहिल्या ठिकाणी जाऊन त्या इकोच्या क्लिपा सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागा, नुसता छापील फोटो नको, हलती चित्रं हवीत. त्या तुमच्या डॉक्टरांना द्या आणि म्हणा, यावरच सिम्पसन करून द्या. तुलना सारख्या पद्धतीचीच होते.

आणि एक पक्कं डोक्यात ठेवा. एकच माणूस, एकच दिवस, दोन अनुभवी हात, तरी साध्या इकोवर पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. ५५ चा ५० झाला म्हणून मी झोप उडवून घेणार नाही.

जाता जाता, दुसऱ्या रिपोर्टमध्ये गुठळीबद्दल काही लिहिलंय का? clot किंवा thrombus असा शब्द?

पागोळी

हो, शेवटी "No LV clot seen" आहे. का विचारलंत? आता मला वेगळंच टेन्शन.

ध्वनिलहर

टेन्शन नको, चांगली ओळ आहे. जो तळ हलत नाही तिथे रक्त रेंगाळतं आणि रेंगाळलेलं रक्त गोठू शकतं, त्यातला तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात. ते आहे की नाही हे ४२ हा आकडा सांगत नाही, ५६ ही सांगत नव्हता. म्हणून टोक निपचित असलं की मी आकड्याआधी गुठळी शोधतो. चित्र अस्पष्ट असेल तर कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन परत बघतात, त्याने आतली कडा उजळते, गुठळी असेल तर तिथे काळी खाच दिसते, आणि ईएफही जास्त विश्वासाने निघतो. तुमच्याकडे कॉन्ट्रास्ट दिला होता का ते विचारा.

बाकी बाबांना कॉटवरून उतरवा. ४२ म्हणून झोपून राहायचं असं काही नसतं. अर्धा तास न धापता चालणारा माणूस परवापर्यंत जसा होता तसाच आहे, कागद आला म्हणून हृदय बदललं नाही. अर्थात नवीन दम, चक्कर, छातीत दुखणं असं काही झालं तर गुरुवारची वाट बघायची नाही.

निशिगंधा५८

धागा हायजॅक करते, माफ करा, पण माझं अगदी उलटं आहे आणि दोन वर्षं डोकं फिरलंय. माझा ईएफ ६०. तीन इको झाले, ५८, ६२, ६०. प्रत्येक वेळी "हृदय एकदम मस्त". आणि मला आंघोळ करून बाहेर आलं तरी बसावं लागायचं, संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटायचे, रात्री दोन उशांशिवाय झोप नाही. फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे झालं, थायरॉइड झालं, शेवटी एकाने "मन शांत ठेवा, मेडिटेशन करा" पण सांगितलं. बीपी २० वर्षांपासून आहे. अखेर एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितले, मानेची शीर बघितली, बीएनपी नावाची रक्ताची टेस्ट केली आणि म्हणाल्या की हे हार्ट फेल्युअरच आहे. ईएफ ६० असताना?? घरचे अजून विश्वास ठेवत नाहीत. रिपोर्टमध्ये EDV 70, ESV 28 असं काहीतरी आहे आणि भिंती जाड लिहिल्यात.

सरळसोट

काकू, सेकंड ओपिनियन घ्या. ईएफ ६० म्हणजे नॉर्मल, तिथे फेल्युअर कसं असेल? लॅबवाले काहीही सांगतात.

मोजपट्टी

थांबा थांबा. कप्पा भरल्यावर ७०, आवळल्यावर २८. ७० वजा २८ म्हणजे ४२ मिली. पागोळींच्या बाबांचे १२० वजा ७० म्हणजे ५० मिली. म्हणजे ईएफ ४२ वाले बाबा एका ठोक्याला ५० मिली रक्त बाहेर टाकतायत आणि ईएफ ६० वाल्या काकू ४२?! मी काही चुकतोय का?

ध्वनिलहर

अजिबात नाही, या धाग्यातली सर्वात भारी पोस्ट.

गुणोत्तराचा दोष हाच. खालचा आकडा लहान असेल तर वरचा लहान असूनही टक्केवारी झकास येते. निशिगंधाताईंच्या भिंती २० वर्षांच्या बीपीने जाड झाल्यात, आतली पोकळी आक्रसलीये. आवळण्यात काही कमी नाही, अडचण आहे सैल पडण्यात. कप्पा ताठर आहे, नीट भरत नाही, मग मागचं रक्त मागेच दाटतं, फुप्फुसात आणि तिथून पायापर्यंत. ईएफ आवळण्याचा हिशोब ठेवतो, भरण्याचा ठेवतच नाही.

सरळसोट, त्यामुळे ६० असताना फेल्युअर असतं, आणि अपवाद म्हणून नाही, फेल्युअरचे जवळपास निम्मे पेशंट असे असतात. निदान आकड्यावर होत नाही, लक्षणं, सूज, बीएनपी आणि इकोमधल्याच दुसऱ्या काही ओळी यांवर होतं. ताई, तुमच्या रिपोर्टमध्ये डावा वरचा कप्पा, LA, मोठा लिहिलाय का बघा, आणि कप्पा भरतानाच्या दाबाचा अंदाज देणारा E/e' नावाचा आकडा किती आहे. वरचा कप्पा वर्षानुवर्षं दाबाखाली राहिला की फुगतो, तो बिचारा खोटं बोलत नाही.

एक विचारून ठेवा फक्त. भिंती जाड आणि तरी ईसीजीतल्या लाटा खुज्या असं असेल तर अमायलॉइड, म्हणजे भिंतीत नको ते प्रथिन साचण्याचा आजार, वगळलाय का असं डॉक्टरांना विचारा. बहुतेक बीपीच असेल, पण हा प्रश्न फुकट आहे.

निशिगंधा५८

LA 4.6 cm, dilated असं आहे. E/e' 17. तिन्ही रिपोर्टमध्ये होतं हो हे! तिन्ही! आणि खाली ठळक अक्षरात "Normal LV systolic function, LVEF 60%". मी काय, कुणीच वरचं वाचलं नाही. ईसीजी दाखवते पुढच्या वेळी.

बापूराव

म्हणजे ईएफ जास्त असणं वाईट का? मेव्हण्याचा ७२ आला होता, सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं.

ध्वनिलहर

वाईट असं नाही, पण अभिनंदनासारखंही काही नाही. झडप गळत असेल तर ईएफ उगाच जास्त दिसतो, कारण कप्पा आवळला की निम्मं रक्त पुढे न जाता गळक्या झडपेतून मागे जातं आणि गणित तेही "बाहेर गेलं" म्हणूनच मोजतं. म्हणून मिट्रल झडप जोरात गळणाऱ्याचा ईएफ ६० पर्यंत उतरला की आम्ही ऑपरेशनचं बोलायला लागतो, तिथे ६० म्हणजे उतार सुरू झालाय. मेव्हण्यांच्या झडपेबद्दल काय लिहिलंय ते बघा एकदा.

तळ्यातमळ्यात

मी पण रांगेत. वय ४१. दोन वर्षांपूर्वी ईएफ २८, हृदय मोठं झालं होतं, नळ्या स्वच्छ, कारण सापडलं नाही. चार प्रकारच्या गोळ्या चालू. आता ५४! सिम्पसननेच, त्याच डॉक्टरकडे, त्याच मशीनवर, म्हणजे तुमच्या सगळ्या अटी पूर्ण :) मग आता मी बरा झालो ना? ५४ म्हणजे नॉर्मल. गोळ्या बंद करायच्या आहेत, बीपी ९५ वर असतं, उठलं की गरगरतं. डॉक्टर ऐकत नाहीत.

ध्वनिलहर

५४ खरा आहे, आनंदच आहे. पण तो ५४ गोळ्यांसकटचा आहे. गोळ्यांशिवाय किती, हे तो सांगत नाही.

हे प्रत्यक्ष करून बघितलेलं आहे. TRED-HF नावाचा ट्रायल, २०१९ मध्ये छापून आला. तुमच्यासारखेच ५१ जण, हृदय मोठं होऊन ईएफ पडलेला, मग गोळ्यांनी सावरलेला, लक्षणं शून्य. निम्म्यांच्या गोळ्या हळूहळू, देखरेखीखाली बंद केल्या. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांचा आजार परत आला. गोळ्या चालू असलेल्यांत त्या काळात एकाचाही नाही. म्हणून आम्ही "बरा झाला" म्हणत नाही, "सुधारलेला" म्हणतो. गरगरण्याचं मात्र डॉक्टरांना ठणकावून सांगा, डोस किंवा वेळ बदलता येते, सगळं बंद करणं हा एकच उपाय नाही.

तळ्यातमळ्यात

म्हणजे ५६ टक्के लोकांचा परत आला नाही. मी त्या ५६ मधला असेन तर आयुष्यभर उगाच चार गोळ्या?

ध्वनिलहर

असू शकता. कोण कुठल्या गटात हे आधी ओळखायची खात्रीची खूण आज आमच्याकडे नाही. आणि तो हिशोब सहा महिन्यांचा आहे, पुढच्या दहा वर्षांचा नाही.

तळ्यातमळ्यात

पटलं नाही, पण उद्या लगेच बंद करणार नाही. बघू.

मोजपट्टी

मला एक खुपतंय. ईएफ ३५ च्या खाली गेला की छातीत ते शॉक देणारं यंत्र बसवतात ना? तुम्हीच म्हणता पाच-सात अंकांचा फरक हातागणिक पडतो. मग ३४ वाल्याला यंत्र आणि ३७ वाल्याला नाही, हे कशाच्या जोरावर?

ध्वनिलहर

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ज्या मोठ्या ट्रायलांवरून हे ठरलं त्यांच्यात प्रवेशाची अटच ईएफवर होती, म्हणून सीमारेषाही ईएफवर आली. निसर्गाने ३५ वर रेघ मारलेली नाही. अटॅकनंतर घाई करत नाहीत, निदान ४० दिवस थांबून आणि गोळ्या पुरत्या वाढवून मग परत मापतात, कारण दमलेला स्नायू काही आठवड्यांत शुद्धीवर येतो. आणि मी स्वतः ३३ ते ३८ मध्ये आलेल्याचा एमआरआय सुचवतो, तिथे कडा स्वच्छ दिसते आणि व्रण किती पसरलाय तेही दिसतं. पण अचानक मृत्यू येणाऱ्यांत बहुसंख्य लोकांचा ईएफ ३५ च्या वरच असतो, हे पण खरं आहे. त्यांना आधी कसं ओळखायचं यावर आमच्यातच वाद आहेत.

सरळसोट

एमआरआयच करून टाकायचा ना मग सगळ्यांचा, कटकट नको.

ध्वनिलहर

तीस-चाळीस मिनिटं बोगद्यात पडून सांगितल्याबरोबर श्वास रोखणारा माणूस लागतो त्याला. ज्याला आडवं झोपवलं की धाप लागते, त्याला सांगून बघा.

पागोळी

अपडेट!! काल गुरुवार होता.

पहिल्या ठिकाणी क्लिपा मागायला गेले तर आधी "रिपोर्ट दिलाय ना" म्हणाले, मग अर्ज लिहून द्या, मग सिस्टीममध्ये सापडत नाहीत, तिसऱ्या चकरेला सीडी मिळाली. आमच्या डॉक्टरांनी ती समोरच लावली. बाबांना खुर्ची स्क्रीनकडे वळवून दाखवलं. खरं सांगू, मला सुद्धा दिसलं, वरचा भाग टाळी वाजवल्यासारखा जवळ येत होता आणि खालचं टोक नुसतं लोंबत होतं. इतकं दिसत असताना ५६ कसं लिहिलं हे मी विचारलं, डॉक्टर काही बोलले नाहीत.

मग त्यांनी माऊसने कडा गिरवली. जुन्या क्लिपेवर 118 आणि 65, ईएफ ४५. दुसऱ्यांदा गिरवली तर ४३. म्हणाले, तेव्हा ४५ आणि आता ४२, याला मी पडलं म्हणणार नाही, कप्पाही ताणलेला नाही. बाबा म्हणाले "म्हणजे चार महिने मी ४५ वरच फिरत होतो?" आणि हसायला लागले.

पण मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या ५६ मुळे घरी सोडताना हृदयासाठीची एक गोळी अगदी कमी डोसने दिली होती आणि एक दिलीच नव्हती. तेव्हाच ४५ लिहिलं असतं तर चार महिने आधी चालू झाली असती. आता सुरू केल्यात, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करायचंय. कॉन्ट्रास्ट दुसऱ्या इकोत दिला होता, गुठळी खरंच नाहीये.

निशिगंधा५८

वाचून बरं वाटलं गं. माझ्या ईसीजीच्या लाटा चांगल्या उंच आहेत म्हणाल्या डॉक्टरीणबाई, पाण्याची गोळी सुरू केलीये, एक उशी कमी झाली.

बापूराव

मेव्हण्याचा रिपोर्ट काढला. "Moderate to severe MR" लिहिलंय, म्हणजे मिट्रल झडप गळतेच आहे. नवीन धागा काढू का?

ध्वनिलहर

धागा नंतर काढा, आधी त्यांना कार्डिऑलॉजिस्टकडे न्या.

पागोळी, ४५ आणि ४२ बद्दल तुमचे डॉक्टर म्हणाले तेच मी म्हटलं असतं. पुढचा इको गोळ्या पुरत्या वाढल्यावर साधारण तीन महिन्यांनी, त्याच ठिकाणी, जमलं तर त्याच माणसाकडून, सिम्पसननेच. आणि त्या वेळचं बीपी रिपोर्टवर लिहायला सांगा. टेबलावर १७० असेल तर कप्पा जास्त दाबाविरुद्ध आवळतो आणि ईएफ दोन-चारने कमी दिसतो, १२० ला तोच माणूस वेगळा. या दोन इकोंच्या वेळी बीपी किती होतं?

पागोळी

दोन्ही रिपोर्ट उलटेपालटे करून बघितले. बीपीचा रकाना दोन्हीकडे आहे. दोन्हीकडे कोरा.